‘फोटोत गुलाबी होती, आली विटकरी’: रंगामुळे साड्या परत येत असतील तर काय तपासायचं

एकाच लॉटच्या ६ साड्या गेल्या आणि त्यांतल्या ४ परत आल्या. साडीत खोट नव्हती. विणकर जुना, माल पारखून आणलेला, काठ सरळ, डाग नाही. परत पाठवणाऱ्या चौघींचं म्हणणं एकच: रंग वेगळा आला.

आम्ही इंदूरहून महेश्वरी साड्या विकतो. लोकमान्यनगरातल्या घराची पुढची खोली हेच दुकान. गिऱ्हाईक बहुतेक सगळं फोनवरचं: पुणे, नागपूर, वडोदरा आणि थोडं गावातलं. साडी परत आली की येण्याजाण्याचं कुरिअर आमच्या अंगावर पडतं, घडी मोडते, पुन्हा इस्त्री करावी लागते. सणाच्या तोंडावर ती साडी पंधरा दिवस रस्त्यातच असते, हे तर सगळ्यात वाईट. म्हणून या चार साड्यांचा मी नीट छडा लावला. तुमच्याकडेही हे वारंवार होत असेल तर खाली दिलेल्या क्रमाने जा, कारण कारणं चार निघाली आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

आधी तक्रारी कोणत्या दिशेला आहेत ते बघा

माझी पहिली चूक अशी की मी सगळ्या तक्रारी ‘रंग वेगळा’ या एकाच खात्यात टाकत होते. ‘वेगळा’ म्हणजे कसा, हे विचारतच नव्हते. या वेळी चौघींनाही फोन केला आणि एकच प्रश्न विचारला: तुम्हाला काय वाटलं होतं, आणि हातात काय आलं?

पुण्याच्या काकू म्हणाल्या, “अगं, डाळिंबी म्हटलंस म्हणून घेतली. मला लाल हवी होती, ही तर गुलाबी आहे.” नागपूरच्या ताईंचं नेमकं उलट: “फोटोत छान गुलाबी होती हो, आली ती विटकरी.” वडोदऱ्याच्या वहिनीही फोटोपेक्षा लालसर आली म्हणाल्या. चौथ्या बाई इथल्याच, राजेंद्रनगरच्या. त्यांना घरी आणल्यावर आवडली होती. पण रात्री एका साखरपुड्याला नेसल्या तर हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत ती गुलाबी राहिलीच नाही, आणि राणी रंगाचं ब्लाउज वेगळं पडलं.

एवढ्यावरून बरंच कळतं. सगळ्या तक्रारी एकाच दिशेला असतील, म्हणजे प्रत्येक जण ‘फोटोपेक्षा लाल’ म्हणत असेल, तर फोटोच चुकलेला असतो. बघणाऱ्यांचे फोन वेगवेगळे असतात, त्यांची चूक एकाच बाजूला जात नाही. कुणी म्हणतं थोडी गडद, कुणी म्हणतं थोडी फिकी, आणि फरक लहान असेल, तर दोष फोनच्या पडद्यांचा. दोन ठाम गट पडले, एक लाल म्हणणारा आणि एक गुलाबी म्हणणारा, तर नावात किंवा कापडात गडबड आहे. माझ्याकडे दोघी फोटोच्या बाबतीत एका बाजूला होत्या, काकू नावाने फसल्या होत्या आणि राजेंद्रनगरच्या बाई दिव्याने. पडद्याला मी सगळ्यात जास्त दोष देत आले होते, पण त्याचा वाटा इथे सगळ्यात कमी निघाला.

नाव: डाळिंब म्हणजे दाणे की साल?

महेश्वरच्या जुन्या रंगनामांत अंगूरी, डाळिंबी, गुलबक्षी, जामला, तपकीर अशी नावं आहेत. तिथे डाळिंबी म्हणजे गडद गुलाबी. विणकराने मला डाळिंबी सांगितलं, मी डाळिंबी लिहिलं, दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. पण मी घरातल्या आणि शेजारच्या पाच जणींना साडी न दाखवता विचारलं की डाळिंबी म्हटल्यावर काय दिसतं. तिघी म्हणाल्या दाण्यांचा लाल. एक म्हणाली सालीचा. सासूबाई म्हणाल्या, “डाळिंबी म्हणजे आमच्या वेळी लालच असायची, हिला तर मी गुलबक्षी म्हणेन.” एका घरात ही गत, तर पुण्याच्या काकूंची काय चूक?

आपली रंगांची नावं फार सुंदर आहेत आणि मला ती सोडायची नाहीत. पण ज्या वस्तूवरून नाव आलं, त्या वस्तूला एकच रंग असेल तरच नुसतं नाव पुरतं. अबोली चालतं, कारण अबोलीचं फूल सगळ्यांनी वेणीत पाहिलेलं असतं. जांभळा, मेंदी, लिंबू, मोरपंखी ही नावं धोक्याची. मेंदी म्हणजे झाडाचं पान, भिजवलेला लगदा की हातावर चढलेला रंग? लिंबू कच्चं की पिकलेलं? चिंतामणी रंगावर तर दोन मावश्या तासभर वाद घालू शकतात.

म्हणून आता नाव तसंच ठेवते आणि त्याच्या पुढे तीन गोष्टी लिहिते: रंग कुणीकडे झुकतो, किती गडद आहे आणि किती मातकट आहे. झुकाव सांगताना शेजारचे दोन रंग घ्यायचे, म्हणजे ‘राणी आणि विटकरी यांच्या मधला, राणीच्या जास्त जवळ’. गडदपणासाठीही दोन टोकं घ्यायची: ‘राणीपेक्षा गडद, मरूनपेक्षा उजळ’. मातकटपणा बहुतेक विक्रेते लिहितच नाहीत, आणि गिऱ्हाइकाची निराशा अनेकदा तिथेच होते. फोटोत झळझळीत वाटलेला रंग हातात आल्यावर विझलेला वाटतो. सुती बाण्यामुळे, म्हणजे आडव्या धाग्यामुळे, महेश्वरीचा रंग नुसत्या रेशमापेक्षा जरा शांत असतोच. तो तसा आहे हे आधीच सांगितलं की ज्यांना शांत रंग आवडतो त्या मुद्दाम घेतात.

‘सुंदर’, ‘रॉयल’, ‘ट्रेंडिंग’ हे शब्द मी रंगाच्या वर्णनातून काढून टाकले. त्यांतून रंगाबद्दल काहीच कळत नाही.

कापड: साडी फिरवली की रंग बदलतो

हे कारण मला सगळ्यात उशिरा कळलं, आणि खरं तर आधी कळायला हवं होतं. महेश्वरीत सहसा ताणा, म्हणजे उभा धागा, रेशमाचा आणि बाणा सुती असतो. या लॉटमध्ये ताणा राणी होता आणि बाणा विटकरी. धूपछांव. रेशमी धागा चकाकतो, सुती चकाकत नाही. त्यामुळे उजेड ताण्यावरून घरंगळत डोळ्यांत आला की साडी राणी दिसते. कोन बदलला आणि चकाकी गेली की बाण्याचा विटकरी वर येतो.

करून बघा. साडी खिडकीजवळच्या टेबलावर सपाट पसरा आणि एका जागी उभं राहून बघा. मग स्वतः न हलता साडी पाव फेरा फिरवा. माझ्या साडीत फरक इतका होता की दोन फोटो शेजारी ठेवले तर कुणी एक साडी म्हणणार नाही. आणि मी फोटो नेहमी ज्या एका बाजूने काढत आले होते, ती नेमकी राणी बाजू होती. नेसल्यावर निऱ्यांमध्ये आणि घडीच्या सावलीत विटकरी जास्त दिसतो. नागपूरच्या ताईंना घडी उघडताक्षणी तोच दिसला.

धूपछांव साडीसाठी म्हणून एक फोटो कधीच पुरत नाही. मी दोन सपाट फोटो देते, साडी पाव फेरा फिरवून काढलेले, आणि एक निऱ्या घालून काढलेला. त्याशिवाय दहा सेकंदांची चित्रफीत, खिडकीशी साडीचा पदर हळूहळू वळवत काढलेली. चित्रफीत काढण्याआधी पडद्यावर साडीच्या जागी बोट दाबून धरायचं, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच थांबतात. नाहीतर साडी वळताना कॅमेराही उजेड कमीजास्त करत राहतो आणि कापडामुळे काय बदललं, कॅमेऱ्यामुळे काय, हे कळत नाही. शिवाय वर्णनात ताणा आणि बाणा यांचे रंग वेगवेगळे लिहायचे. इथल्या बायकांना हे शब्द ठाऊक आहेत; ज्यांना नाहीत त्या विचारतात, आणि विचारलं की बोलणं होतंच.

फोटो: कॅमेरा स्वतःच्या मनाने दुरुस्ती करतो

फोनचा कॅमेरा फोटो काढताना खोलीतला उजेड कोणत्या रंगाचा आहे याचा अंदाज बांधतो आणि पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग सरकवतो. समोर भिंत, माणूस, जमीन असं सगळं असेल तर अंदाज बरा येतो. पण साडीने पूर्ण चौकट भरली, आणि साडी लालसर, तर त्याला वाटतं की उजेडच लालसर आहे. मग तो निळेपणा घालतो. विटकरीत निळं मिसळलं की गुलाबी होतं. माझ्या पहिल्या फोटोत दिवसाच्या उजेडाबरोबर खोलीतली एलईडीही चालू होती, म्हणजे दोन रंगांचे उजेड एकाच साडीवर.

खात्री करायला मी तीच साडी त्याच खिडकीशी पुन्हा मांडली, दिवा बंद केला, आणि या वेळी पांढरी सुती चादर अंथरून अर्ध्या चौकटीत चादर आणि अर्ध्या चौकटीत साडी ठेवली. पडद्यावरचा रंग माझ्या डोळ्यांदेखत गुलाबीवरून तांबूस झाला. साडी तीच, जागा तीच, कॅमेरा तोच. मग मी फोन पुढे नेत नेत चादर चौकटीबाहेर ढकलली, तर रंग परत गुलाबी व्हायला लागला. तुमच्या फोटोवर संशय असेल तर ही चाचणी दोन मिनिटांत होते.

आता फोटो काढायची पद्धत ठरलेली आहे. उत्तरेकडच्या खिडकीशी, सकाळी १० ते ११.३० च्या दरम्यान, साडीवर थेट ऊन न पडता. घरातले सगळे दिवे बंद. जवळ रंगीत भिंत किंवा रंगीत पडदा नको, कारण त्याचा रंग कापडावर उतरतो. गच्चीवर हिरव्या जाळीखाली फोटो काढणाऱ्यांनी हे एकदा तपासून बघावंच. संध्याकाळचं ऊन फोटोला देखणं करतं, पण पिवळट असतं; ते फोटो मी सजावटीला वापरते, रंग दाखवायला नाही. फोनची मुख्य लेन्स वापरायची, रुंद दाखवणारी नव्हे, कारण एकाच फोनच्या दोन लेन्स एकच रंग वेगळा दाखवू शकतात. फिल्टर नाही, रंग आपोआप ‘सुधारणारी’ सोय बंद.

साडीच्या कोपऱ्यात एक करडं कार्ड ठेवायचं. छायाचित्रकारांच्या सामानात हे मिळतं, त्याला ग्रे कार्डच म्हणतात. नंतर स्नॅपसीडसारख्या ॲपमध्ये White Balance उघडून तिथलं ड्रॉपर त्या कार्डावर टेकवलं की बाकीचे रंग जागेवर येतात. मी आधी कार्डाऐवजी झेरॉक्सचा कोरा कागद वापरत होते. तो चालत नाही: कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं, ते दिवसाच्या उजेडात निळसर चमकतं. त्यावर रंग जुळवला की सगळा फोटो पिवळट होतो.

दुरुस्ती झाल्यावर फोन हातात घेऊन साडीशेजारी धरायचा, त्याच खिडकीत, आणि नुसतं बघायचं. मग तोच फोटो आणखी दोन फोनवर. आमच्याकडे मुलाचा नवा फोन भडक रंग दाखवतो आणि सासूबाईंचा जुना फिकट. खरी साडी या दोघांच्या मधे कुठेतरी बसली पाहिजे. दोन्हींवर ती एकाच बाजूला सरकलेली दिसली तर दुरुस्ती चुकली आहे.

पडदा: गिऱ्हाइकाच्या हातात मोजमाप कसं द्यायचं

गिऱ्हाइकाचा फोन आपल्या हातात नसतो. कुणाचा पडदा ‘विविड’वर असतो, म्हणजे रंग मुद्दाम भडक. कुणी रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून पिवळट फिल्टर लावलेला असतो आणि तो दिवसाही चालूच राहतो. आपल्याकडे साड्या बघायची वेळ म्हणजे रात्रीची जेवणं झाल्यावर, नेमकी हीच. ‘पडद्यानुसार रंगात फरक पडू शकतो’ ही ओळ मीही वर्षानुवर्षं लिहीत होते. ती वाचून बाईंनी करायचं काय? फरक किती आणि कुठल्या बाजूला, हे त्यांना कसं कळणार?

त्यांच्याकडे आणि माझ्याकडे तंतोतंत सारखी असलेली एखादी रंगीत वस्तू हवी होती. ती पाकिटातच निघाली. रिझर्व्ह बँकेच्या नव्या मालिकेतल्या नोटांचे रंग ठरलेले आहेत: १० ची चॉकलेटी, २० ची हिरवट पिवळी, १०० ची फिकट जांभळी, २०० ची पिवळी, ५०० ची दगडी करडी. मी साडीच्या फोटोत नोट दुमडून तिची फक्त एक पट्टी दिसेल अशी ठेवते. अख्खी नोट दाखवायचं कारण नाही. आणि फोटोबरोबर लिहिते: “दिवसा, खिडकीजवळ, तुमची दहाची नोट फोनशेजारी धरा. फोनमधली नोट आणि हातातली नोट सारखी दिसली तर साडीचा रंगही जवळपास तसाच आहे. फोनमधली नोट जास्त लाल दिसली तर तेवढा लालपणा साडीतून वजा करा.”

सुरुवातीला मी १०० ची नोट वापरली होती. माझ्याच फोनवर ती निळसर आली, हातात मात्र जांभळट. म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत जाण्याआधी कॅमेऱ्यातच घोटाळा. लाल-तपकिरी साड्यांना १० ची उत्तम, हिरव्या-पिवळ्यांना २० ची. नोट स्वच्छ घ्या, बाजारात फिरून मळलेली नको, आणि फोटो गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी स्वतः हीच चाचणी करा.

या युक्तीने शेड तंतोतंत जुळत नाही, आणि तशी जुळेल असं मी कुणाला सांगतही नाही. पण ‘माझा फोन रंग पिवळट दाखवतो’ हे गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. वडोदऱ्याच्या वहिनींनी पुढच्या वेळी असं करून पाहिलं आणि स्वतःच फोन केला, “अहो, माझा तो रात्रीचा फिल्टर चालूच होता.”

धाग्याचं कार्ड

एवढं करूनही शंका उरत असेल, किंवा साडी लग्नाची असेल आणि त्यावर शेला किंवा दुसऱ्या कुणाचे कपडे जुळवायचे असतील, तर मी फोटोवर थांबत नाही. साडीतून तुकडा कापता येत नाही, पण पदराच्या टोकाला न विणलेल्या दशा असतात. त्यांतल्या सात-आठ काढल्या तरी साडीचं काही बिघडत नाही. बाण्याचा धागा तिथे मिळत नाही, तो विणकराकडून लॉट घेतानाच मागून ठेवते. पांढऱ्या जाड कागदाच्या तुकड्यावर डावीकडे ताणा गुंडाळायचा, उजवीकडे बाणा, आणि मधे दोन्ही एकाआड एक. मधल्या पट्ट्यावरून विणलेलं कापड कसं दिसेल याचा अंदाज येतो. कार्ड साध्या टपालाने पाकिटात जातं.

कार्डावर लॉटचा क्रमांक लिहिणं विसरू नका. रंगारी हाताने रंगवतो. थोडं सूत, थोडं पाणी, रंग टाकायची वेळ, यांत जरा फरक पडला की त्याच नावाचा पुढचा लॉट अर्धी पायरी इकडेतिकडे होतो. जुन्या लॉटच्या फोटोवर नवा लॉट विकणं हे माझ्या आधीच्या काही परतींचं कारण असणार, असं आता वाटतं. आता नवीन लॉट आला की फोटो नवे, कार्ड नवं, वर्णन पुन्हा वाचून दुरुस्त.

कार्ड पाठवताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. गुंडाळलेला रेशमी धागा विणलेल्या कापडापेक्षा जास्त चमकतो. आणि बोटभर पट्टीवर जो रंग गडद वाटतो तोच साडीभर पसरला की उजळ आणि जोरकस वाटतो. घराची भिंत रंगवताना छोट्या नमुन्यावरून हाच अनुभव येतो. कार्ड दिवसा बघा आणि ज्या समारंभाला नेसायची आहे तिथे जसे दिवे असतील तशा दिव्याखालीही बघा, असं मी सांगते. राजेंद्रनगरच्या बाईंची अडचण हीच होती. त्यांचं ब्लाउज आणि साडी दिवसा जुळत होती, पण दोन्हींचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे, त्यामुळे पिवळ्या दिव्यात एक एका बाजूला गेलं आणि दुसरं दुसऱ्या. हे फोटोने सुटत नाही. मॅचिंग सेंटरमध्ये रुबियाचा तुकडा घेतानाही कापड दुकानाच्या दिव्याखाली न जुळवता दारात नेऊन आणि मग पिवळ्या दिव्याखाली, असं दोनदा बघावं.

कार्ड पोहोचायला वेळ नसेल तर कशिद्याच्या दोऱ्याचा आधार घेते. लडीवर शेड नंबर असतो आणि त्याच कंपनीची त्याच नंबरची लड दुसऱ्या गावातही मिळते. साडीशी सगळ्यात जवळची लड शोधून कंपनी आणि नंबर कळवायचा, आणि ‘साडी या लडीपेक्षा किंचित मातकट’ असा फरक लिहायचा. गिऱ्हाईक जवळच्या दुकानात जाऊन ती लड हातात घेऊन बघतं.

त्या साडीचं वर्णन आधी आणि नंतर

आधी होतं: “डाळिंबी महेश्वरी, रॉयल लुक, सुंदर रंग. पडद्यानुसार रंगात फरक पडू शकतो.”

परत आलेल्या चार साड्या मी पुन्हा विकायला ठेवल्या तेव्हा लिहिलं:

“महेश्वरी, धूपछांव. रंग डाळिंबी: दाण्यांचा लाल नव्हे, सालीचा गडद गुलाबी. ताणा राणी रेशीम, बाणा विटकरी सुती. उजेड समोरून पडला की राणी दिसते, निऱ्यांत आणि सावलीत विटकरी. राणीपेक्षा गडद, मरूनपेक्षा उजळ, किंचित मातकट. पिवळ्या दिव्याखाली लालसर दिसते. फोटो सकाळी खिडकीच्या उजेडात, फिल्टर नाही. शेजारी दहाची नोट आहे, तुमच्या नोटेशी ताडून बघा. धाग्याचं कार्ड हवं असल्यास सांगा.”

विचारणा कमी आल्या, हे खरं. ज्यांना लाल हवी होती त्यांनी विचारलंच नाही. चारही साड्या गेल्या, थोड्या सावकाश, आणि एकही परत आली नाही. नागपूरच्या ताईंनी दोन्ही बाजूंचे फोटो बघून तीच साडी परत मागवली. त्यांना विटकरी झाक आवडली होती, फक्त ती अचानक समोर आली तेव्हा फसवल्यासारखं वाटलं होतं. पुण्याच्या काकूंना मी दुसऱ्या लॉटची खरी लाल साडी पाठवली, आधी कार्ड पाठवून.

जे अजून सुटलेलं नाही

दोन रंगांना ही सगळी पद्धत पुरत नाही. एक मोरपंखी. त्यातला खोल निळा-हिरवा बहुतेक पडद्यांना दाखवताच येत नाही, त्यांच्या रंगांच्या आवाक्याबाहेर आहे. फोटो कितीही नीट काढला तरी तो निळा तरी होतो नाहीतर विझतो. तिथे मी वर्णनातच लिहिते: “फोटोत दिसते त्यापेक्षा हिरवी आणि खोल आहे.” फोटो कुठल्या बाजूला चुकतो ते सरळ सांगितलं की गिऱ्हाईक तेवढी भर मनात घालून बघतं, आणि मोरपंखी परत येणं त्याने बरंच कमी झालं.

दुसरा जांभळा. आपल्या डोळ्याला जांभळ्या उजेडात थोडी लालीही जाणवते. कॅमेऱ्याला ती त्याच प्रमाणात जाणवत नाही, म्हणून जांभळं निळं होतं. ॲपमध्ये लाली वाढवून तो दुरुस्त करायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. जांभळा जागेवर येतो तोवर काठाची जर तांबूस होते आणि पांढरी चादर गुलाबी. जामला रंगाच्या साड्या म्हणून मी आता फोटोवर विकतच नाही. फोटो ठेवते, खाली लिहिते की कार्ड बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका, आणि कार्ड पोहोचल्याचा निरोप आला की मगच साडी बांधते.